चहा-कॉफी कमी करण्याआधीची तयारी

चहा-कॉफी कमी केली किंवा चुकली की अनेकांचं डोकं दुखतं. म्हणून पहिली गोष्ट, ही डोकेदुखी खरंच कॅफिन तुटल्याचीच आहे का ते पाहून घ्या. शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांनी ती सुरू होते. बहुतेक वेळा डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं, ठणकतं, सोबत सुस्ती आणि चिडचिड असते. नेहमीचा कप घेतल्यावर तासाभरात उतरली, तर संशय पक्का समजा. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणाऱ्यांना दुपारच्या आत डोकं धरावं लागतं, त्यामागे अनेकदा हेच असतं. मात्र चहासोबत नाश्ताही चुकला असेल, तर दोष भुकेचाही असू शकतो. म्हणून एकदा चहा सोडून नुसता वेळेवर नाश्ता करून बघा.

हे का होतं, ते कळलं की पुढची यादी सोपी जाते. मेंदूत थकवा कळवणारं अॅडेनोसिन नावाचं रसायन असतं आणि कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. रोज अडवल्या की मेंदू त्या जागा वाढवतो. कॅफिन अचानक थांबलं की सगळ्या जागा मोकळ्या होतात, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका लागतो. वाढलेल्या जागा कमी व्हायला काही दिवस लागतात. हळूहळू सोडायचं ते एवढ्यासाठीच.

आता वही घ्या आणि तीन दिवस काहीही न बदलता नोंद करा: किती वाजता, काय, केवढ्या भांड्यातून. ‘दोन कप’ या शब्दाला अर्थ नसतो, कारण कोणाचा कप 100 मिलीचा तर कोणाचा मग 300 चा. मोजपात्राने एकदा मापून टाका. अंदाजाला, कॉफीच्या मगात 100 मिलिग्रॅमच्या आसपास आणि चहाच्या कपात 40 च्या आसपास कॅफिन धरा. पावडर आणि पत्ती किती घालता त्यावर हे आकडे बरेच हलतात. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या गोळ्याही नोंदीत हव्यात. काही गोळ्यांत कॅफिन असतं, पाकिटावर घटक वाचा. नाहीतर एकीकडे कप कमी होतो आणि दुसरीकडे गोळी तेच पोटात घालते.

समजा तुमची नोंद अशी निघाली: सकाळी दोन मग कॉफी, दुपारी एक चहा, संध्याकाळी एक. म्हणजे 280 मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात एकही वेळ चुकवू नका, फक्त दोन्ही कॉफींची पावडर पाऊण करा, 230 होईल. दुसऱ्या आठवड्यात पावडर निम्मी, म्हणजे 180. तिसऱ्यात दुसरा मग कॅफिनमुक्त कॉफीचा (त्यातही थोडं असतंच), साधारण 130. चौथ्यात संध्याकाळचा चहा बंद, 90. संध्याकाळचा चहा आधीच तोडायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो सोपा वाटतो. पण मग दुपारी दोनपासून सकाळी सातपर्यंत 17 तास काहीच नाही आणि जाग येतानाच डोकं जड. एकूण प्रमाण उतरल्यावर तोच तोडला, तर फारसं जाणवत नाही. चहा हलका करायचा तर पत्ती कमी घाला. नुसता वेळ थोडा कमी उकळून भागत नाही, कॅफिन बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच उतरतं.

शेवटच्या पायऱ्या अवघड असतात, कारण 90 मधून 40 कमी करणं म्हणजे जवळजवळ निम्मं तोडणं. तिथे हवं तर दोन आठवडे घ्या. एखाद्या पायरीवर डोकं दुखलंच, तर अर्धा कप घ्या, मागच्या पायरीवर परत जा आणि तिथे चार दिवस थांबा. त्रासाचा जोर साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. गोळी लागली तर कॅफिन नसलेली, पाकिटावरच्या प्रमाणात आणि कधीमधीच. वारंवार घेतलेल्या वेदनाशामकांमुळेही डोकं दुखायला लागतं.

सुरुवात कधी करायची? परीक्षा, लांबचा प्रवास किंवा रात्रपाळी असलेला आठवडा सोडून. उपाशीपोटी तपासणी किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दोन-तीन आठवडे आधी. आणि त्या सकाळी बिनदुधाचा चहा चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लिथियम घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कॅफिन घटलं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं.

कॅफिन पूर्ण बंद करून आठवडा उलटला तरी डोकं तसंच दुखत असेल, तर कारण वेगळं शोधावं लागेल. एकाएकी आलेली प्रचंड डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं किंवा हात-पाय लुळे पडणं यांपैकी काही दिसलं, तर कपाचा विचार न करता थेट रुग्णालयात जा.