कानाने ऐकून लोकगीत शिकवण्याचा तास कसा आखावा

आठ-दहा वर्षांच्या मुलांचा चाळीस मिनिटांचा तास आहे, असं धरू. शब्दांचा कागद वाटायचा नाही आणि फळ्यावरही काही लिहायचं नाही. शब्द समोर दिसले की मुलं वाचायला लागतात आणि कान बंद होतो.

गाणं निवडताना आधी त्याची ठेवण तपासा. ध्रुवपद चार ओळींचं आणि प्रत्येक ओळ आठ मात्रांची असेल तर उत्तम. पट्टी मुलांच्या गळ्याची घ्या: सगळे स्वर पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी एक ते पांढरी सहा यांत बसले पाहिजेत. मग ओळ कुठून उठते ते पाहा. पुष्कळ लोकगीतांची ओळ समेच्या आधीच उठते. आपलं गाणं आठव्या मात्रेवरून उठतं असं समजू. अशा वेळी मुलं पहिल्याच अक्षरावर टाळी देतात आणि सगळा ठेका एका मात्रेने सरकतो.

म्हणून तास सुरू झाल्यावर गाणं दोनदा नुसतं ऐकवा. तिसऱ्यांदा तुम्ही गाताना मुलांनी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी द्यायची, मधल्या मात्रा मांडीवर हलक्या हाताने मोजायच्या. काही जण प्रत्येक अक्षरावर टाळी देतील. त्यांना ती ओळ मनात म्हणायला सांगा आणि हात चालू ठेवायला लावा. हात बरोबर चालले तर ठेका बसला. टाळ्यांचा आवाज वाढला की लय पळते. तेव्हा दोन बोटांनी तळहातावर टाळी द्यायला लावा.

आता ओळ गाऊन झील धरायला लावायची. इथे अर्धा तास गेला तरी चालेल. तुम्ही एक ओळ गा, मुलं तीच परत म्हणतील, ठेका मध्ये कुठेही थांबणार नाही. तुमची ओळ सहाव्या मात्रेवर संपवा, सातवीवर श्वास, आठवीवर मुलं उठतील. सुरुवातीला सातवीवर हाताने खूण करा. मुलं गात असताना मात्र तुम्ही गप्प राहा. शिक्षक सोबत गायला लागले की कोणाचा सूर कुठे घसरला ते त्यांनाच ऐकू येत नाही.

चूक बहुधा चाल वर चढते तिथे होते. समजा तिसरी ओळ वर जाते आणि मुलं तिथे खालीच राहतात. पूर्ण ओळ पुन्हा गाऊ नका. चढणारे तेवढेच दोन-तीन स्वर ‘ना’वर गा, हात वर नेऊन दाखवा, मुलांकडून दोनदा घ्या आणि मग शब्द लावा. ते जमलं की तिसरी-चौथी ओळ जोडून म्हणा, शेवटी चारही.

शेवटची पाच मिनिटं एखाद्या मुलाला म्होरक्या करा. तो स्वतःच्या पट्टीत गाणं उचलेल. तीच पट्टी राहू द्या, बाकीच्यांनी ती पकडून झील धरायची.