भाषणाचा शेवट सुरुवातीच्या प्रतिमेकडे कसा वळवावा

भाषणाच्या सुरुवातीला वक्ता एखादे दृश्य उभे करतो आणि शेवटच्या वाक्यात त्याच दृश्याकडे परत येतो, ही रीत जुनी आहे. तरीही ती बहुतेक वेळा फसते, कारण वक्ता प्रतिमा जशीच्या तशी परत आणतो. श्रोत्यांना ओळख पटते आणि पुढे काहीच घडत नाही. परत येताना प्रतिमेत काहीतरी बदललेले असले पाहिजे, आणि तो बदल मधल्या भाषणाने घडवून आणलेला असला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीतून निघतात.

अब्राहम लिंकन यांनी 19 नोव्हेंबर 1863 रोजी गेटिसबर्ग येथील सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी केलेले भाषण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जेमतेम पावणेतीनशे शब्दांच्या त्या भाषणाची सुरुवात पूर्वजांनी एका नव्या राष्ट्राला जन्म दिल्याच्या उल्लेखाने होते आणि शेवटच्या वाक्यात स्वातंत्र्याच्या नव्या जन्माची गोष्ट येते. दोन्ही टोकांना जन्म आहे, पण तो एकच नाही. मधल्या भागात, राष्ट्र जगावे म्हणून ज्यांनी प्राण दिले त्यांचा मृत्यू आला आहे, आणि त्यामुळे पहिला जन्म इतिहासातली घटना राहतो, तर दुसरा समोर उभ्या असलेल्यांवर येऊन पडलेले काम होतो.

पहिली पायरी: बदल आधी ठरवा, प्रतिमा नंतर

बहुतेक जण आधी आकर्षक सुरुवात शोधतात आणि भाषण लिहून झाल्यावर तिच्याकडे परत जाण्याची वाट धुंडाळतात. क्रम उलटा करावा. भाषण ऐकण्यापूर्वी श्रोता काय मानत होता आणि ऐकल्यानंतर त्याने काय मानावे अशी अपेक्षा आहे, हे दोन साध्या वाक्यांत लिहून काढावे. ही दोन वाक्ये भाषणात येणार नाहीत. ती फक्त आपल्यासाठी आहेत.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, एका कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याला इतर कारखान्यांतील सहकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटे बोलायचे आहे. विषय आहे थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद. त्याची दोन वाक्ये अशी असतील: ‘नोंदवही कोरी असेल तर विभाग सुरक्षित आहे, असे आपण समजतो. खरे तर कोरी वही एवढेच सांगते की लोक लिहायला घाबरतात.’ म्हणजे कोऱ्याकडून भरलेल्याकडे जाणारा बदल त्याला दाखवायचा आहे.

दुसरी पायरी: बदलू शकेल अशी वस्तू निवडा

आता प्रतिमा शोधताना तिची सुंदरता पाहू नये. ती डोळ्यांपुढे उभी राहते का आणि तिची अवस्था बदलू शकते का, हे पाहावे. ‘प्रकाश’, ‘प्रवास’, ‘शिखर’ असल्या प्रतिमा इथे निरुपयोगी ठरतात, कारण त्या कोणत्याही भाषणात बसतात आणि त्यांच्यात लक्षात राहण्यासारखा एकही तपशील नसतो. वस्तू हाताला लागणारी हवी. दार उघडे किंवा बंद असते, खुर्ची रिकामी किंवा भरलेली असते, कपड्याला ठिगळ असते किंवा नसते. या अवस्था बदलतात, म्हणून त्या उपयोगी पडतात.

आपल्या अधिकाऱ्याला नोंदवही तर सहज सुचेल. पण वही भरली एवढे सांगणे म्हणजे विषयच पुन्हा सांगणे झाले. त्याने वहीच्या शेजारी काय आहे ते पाहावे. वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल आहे. पेन्सिल वापरली की झिजते, आणि झिजणे हा न सांगताही दिसणारा पुरावा आहे. प्रतिमा विषयाच्या एक पाऊल बाजूला असावी, असे मला वाटते ते याचसाठी: अगदी विषयावर असलेली प्रतिमा शेवटी निष्कर्षासारखी ऐकू येते.

तिसरी पायरी: सुरुवातीला दाखवा, अर्थ सांगू नका

सुरुवातीला प्रतिमेला तीन-चार वाक्ये पुरतात. आपला अधिकारी असे म्हणेल: ‘आमच्या विभागाच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. थोडक्यात टळलेला अपघात तिच्यात लिहायचा असतो. मी या कामावर आलो तेव्हा वहीत एकही ओळ नव्हती. तिला बांधलेल्या पेन्सिलीला टोकही काढलेले नव्हते.’

इथे थांबून लगेच विषयाकडे वळावे. ‘ती पेन्सिल म्हणजे आपल्या उदासीनतेचे प्रतीक होती’ असे वाक्य जोडण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. ते जोडले की प्रतिमेचा हिशोब तिथल्या तिथे मिटतो आणि शेवटी परत यायला काही उरत नाही. टोक नसलेल्या पेन्सिलीचा अर्थ श्रोत्याच्या मनात अर्धवट राहिला पाहिजे. आणखी एक काळजी घ्यावी: या वाक्यांतल्या ज्या नामांवर शेवट उभा राहणार आहे, म्हणजे वही, खिळा, पेन्सिल, ती नामे शेवटी त्याच शब्दांत यायला हवीत. लिहिताना पुनरुक्ती टाळण्याची सवय आपल्याला शाळेपासून असते; म्हणून सुरुवातीची ‘वही’ शेवटी ‘रजिस्टर’ होते, आणि श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नसल्याने धागा तिथे तुटतो.

चौथी पायरी: मध्ये एकदा स्पर्श करा

पंधरा मिनिटांत श्रोता बरेच काही ऐकतो. पहिल्या मिनिटातली वस्तू शेवटी एकदम आली, तर काहींना ती आठवेल आणि काहींना क्षणभर शोधावी लागेल. त्या क्षणात शेवटचे वाक्य निघून गेलेले असेल. म्हणून भाषणाच्या साधारण मध्यावर, जिथे वळण आहे नेमके तिथे, प्रतिमेचा एका वाक्याचा उल्लेख करावा.

आपल्या उदाहरणात वळण असे आहे. एका कामगाराने सांगितले की उचललेला माल साखळीतून सरकला, पण खाली कोणी नव्हते. आधीच्या पद्धतीने ‘चूक कोणाची?’ असे विचारले गेले असते. त्या दिवशी सुपरवायझरने ‘नेमके काय झाले?’ एवढेच विचारले आणि दुसऱ्या दिवशी साखळी बदलली. हा प्रसंग सांगून झाल्यावर अधिकारी म्हणतो, ‘त्या दिवशी पेन्सिलीला पहिल्यांदा टोक काढले गेले.’ एवढेच. यापेक्षा मोठा उल्लेख केला तर शेवटचा भाग मध्येच खर्च होतो. भाषण तासभराचे असेल तर असे दोन स्पर्श लागतील. पाच मिनिटांचे असेल तर बहुधा एकही लागणार नाही.

पाचवी पायरी: शेवटची वाक्ये घडवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पहिला मसुदा बहुधा असा येईल: ‘तर मित्रहो, सुरुवातीला मी ज्या वहीबद्दल बोललो होतो, ती वही आज भरलेली आहे आणि ती पेन्सिल आपल्या सर्वांच्या जागरूकतेची साक्ष देत आहे.’ यात दोन दोष आहेत. ‘सुरुवातीला मी ज्याबद्दल बोललो होतो’ ही आठवण करून दिल्याने ओळखण्याचा आनंद श्रोत्याकडून काढून घेतला जातो. आणि ‘साक्ष देत आहे’ असे म्हणताच अर्थ वक्त्यानेच सांगून टाकलेला असतो.

दुसऱ्या मसुद्यात हे दोन्ही तुकडे काढू: ‘ती वही अजून त्याच खिळ्याला टांगलेली आहे. आता आम्ही चौथी पेन्सिल वापरत आहोत.’ हे पुष्कळ बरे आहे, पण वाक्याचा जोर चुकीच्या जागी पडतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे शेवटचा उच्चार ‘वापरत आहोत’ असा निस्तेज होतो आणि ‘चौथी’ हा सगळे सांगणारा शब्द मध्ये हरवतो. मराठीत क्रियापद गाळण्याची मुभा आहे. शेवटच्या वाक्यात ती जरूर घ्यावी. ‘वही अजून त्याच खिळ्याला आहे. पेन्सिल मात्र चौथी.’ पहिले वाक्य काय बदलले नाही ते सांगते, दुसरे काय बदलले ते सांगते, आणि आवाज अर्थाच्या शब्दावर थांबतो.

ही ओळ खरी असेल तरच चालेल, हे वेगळे सांगायला नको. पेन्सिल खरोखर बदललीच नसेल, विभाग अजून सुरुवातीलाच असेल, तर बदल श्रोत्यांच्या हाती सोपवावा: ‘उद्या पहिली पाळी सुरू होईल तेव्हा वही त्याच खिळ्याला असेल. पेन्सिलीला मी टोक काढून ठेवले आहे.’ इथे वस्तू थोडीशीच बदलली आहे, आणि उरलेला बदल कोणी करायचा हे न सांगताही कळते.

सहावी पायरी: पारखून पाहा

भाषण न ऐकलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला आधी फक्त शेवटची दोन वाक्ये ऐकवावीत. त्याला ती अर्थपूर्ण वाटली आणि त्याने मान डोलावली, तर ते वाईट लक्षण आहे. कुठेही चिकटवता येईल असे सुभाषित तयार झाले आहे. चांगला शेवट एकटा ऐकला तर कोडे वाटतो. मग सुरुवातीची वाक्ये आणि शेवटची वाक्ये सलग ऐकवावीत. आता त्याने ‘मध्ये काय झाले?’ असे विचारले पाहिजे. तो काहीच विचारत नसेल, तर प्रतिमा बदललेली नाही. ‘म्हणजे लोक लिहायला लागले, हे कळले’ असे तो लगेच म्हणाला, तर सुरुवातीला अर्थ जास्त उघड केला गेला आहे, आणि दुरुस्ती शेवटात न करता तिथे करावी लागेल.

प्रत्यक्ष बोलताना

शेवटच्या वाक्यांआधी एक श्वासभर थांबावे आणि ‘शेवटी एवढेच सांगेन’ म्हणू नये, कारण ते शब्द ऐकताच लोक खुर्च्या सरकवू लागतात. शेवटच्या वाक्यानंतर ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो’ हे सवयीने तोंडातून निघते आणि ‘चौथी’ या शब्दाची जागा ‘संपवतो’ घेतो. आभार मानायचे असतील तर ते आधी, मुद्दे संपल्यावर मानून घ्यावेत.

प्रश्नोत्तरे असतील तर सूत्रसंचालकाशी आधीच बोलून शेवटची दोन मिनिटे राखून ठेवावीत: मुद्दे संपले की प्रश्न घ्यावेत आणि प्रश्न संपल्यावर शेवट करावा. नाहीतर लोकांच्या कानात शेवटी भलत्याच प्रश्नाचे उत्तर राहते. आणि ऐनवेळी पंधराऐवजी नऊच मिनिटे मिळाली, तर मधले मुद्दे गाळावेत, पण सुरुवातीची चार वाक्ये, साखळीचा प्रसंग आणि शेवटची दोन वाक्ये यांना हात लावू नये. ही तीन ठिकाणे वेगळ्या कागदावर लिहून ठेवली, तर व्यासपीठावर उभ्या उभ्या काय वगळायचे याचा विचार करावा लागत नाही.