मॅच्ड फिल्टर लावला, तरी एसएनआर कमी का? या चुका टाळा

मॅच्ड फिल्टर पहिल्यांदा लिहिणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: आत चार सॅम्पलची पल्स गेली आणि बाहेर सात सॅम्पलचा, मूळ पल्सशी काहीही साम्य नसलेला डोंगर आला. ही चूक नव्हे. पल्सचा आकार जपणे हे या फिल्टरचे कामच नाही. एका ठरावीक क्षणी, आणि फक्त त्याच क्षणी, सिग्नल नॉइजच्या तुलनेत जास्तीत जास्त उंच उभा करायचा, एवढेच त्याचे काम. आधीच्या आणि नंतरच्या क्षणांबद्दल तो कसलीच हमी देत नाही. डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये आरसीएमध्ये रडारसाठी हे गणित मांडले तेव्हा प्रश्नही हाच होता: प्रतिध्वनी आहे की नाही? तो दिसतो कसा, याच्याशी देणेघेणे नव्हते.

पुढचा सगळा हिशेब एकाच पल्सवर करू: ४, ३, २, १. ती मुद्दामच असममित घेतली आहे. प्रत्येक सॅम्पलमध्ये मिसळणारा नॉइज पांढरा, म्हणजे एका सॅम्पलचा दुसऱ्याशी संबंध नसलेला, आणि त्याचा व्हेरियन्स १.

सॅम्पलिंगच्या क्षणी कुठलाही एफआयआर फिल्टर काय करतो? चार सॅम्पलना वजने देऊन बेरीज करतो. वजने w आणि पल्सचे सॅम्पल s असतील तर सिग्नलचा वाटा Σws, आणि नॉइजचा व्हेरियन्स σ²Σw². म्हणून

```
SNR = (Σ w·s)² / (σ² Σ w²)  ≤  Σ s² / σ²
```

उजवीकडची मर्यादा कॉशी-श्वार्ट्झ असमानतेतून येते, आणि बरोबरीचे चिन्ह फक्त w हे s च्या प्रमाणात असेल तेव्हाच लागते. आपल्या पल्ससाठी ती मर्यादा १६+९+४+१, म्हणजे ३०. आता इतर पर्याय ताडून पाहा. पल्सचा सर्वात उंच सॅम्पल तेवढा उचलला तर एसएनआर १६. चारही सॅम्पलना सारखे वजन देऊन बेरीज केली तर सिग्नल १०, नॉइज ४, एसएनआर २५. नॉइज सगळीकडे सारखाच आहे, म्हणून जिथे सिग्नल मोठा तिथल्या सॅम्पलवर जास्त विश्वास ठेवायचा, पण लहान सॅम्पलही फेकून द्यायचा नाही. सगळी वजने दहापट केली तर सिग्नल ३०० आणि नॉइजचा व्हेरियन्स ३०००, एसएनआर पुन्हा ३०. त्यामुळे फिल्टरचा गेन वाढवून काही हाती लागत नाही.

सरसकट बेरीज आणि आदर्श फिल्टर यांत फरक जेमतेम ०.८ डेसिबलचा आहे, हेही लक्षात असू द्या. तुमच्या रिसीव्हरमध्ये तीन-साडेतीन डेसिबल गायब असतील, तर टॅपच्या, म्हणजे या वजनांच्या, दशांश स्थळांत कारण शोधत बसू नका. कारण बहुधा पुढच्यापैकी एक असते.

पल्स उलटवायची राहिली

सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. फिल्टर म्हणजे कन्व्होल्यूशन, आणि कन्व्होल्यूशन स्वतःच एका क्रमाला उलटवते. म्हणून वजने पल्सबरोबर जुळायची असतील तर टॅप उलट क्रमाने, १, २, ३, ४ असे भरावे लागतात. तसे भरले की आउटपुट येते ४, ११, २०, ३०, २०, ११, ४. टॅप सरळ ४, ३, २, १ भरले तर येते १६, २४, २५, २०, १०, ४, १.

टॅप तेच असल्यामुळे नॉइजचा व्हेरियन्स दोन्हीकडे ३०. पण चौथ्या सॅम्पलवर, जिथे आपण वाचणार आहोत, तिथे सिग्नल ३० ऐवजी २०. एसएनआर ४००/३०, म्हणजे १३.३, साडेतीन डेसिबल गेले. शिखर शोधून तिसऱ्या सॅम्पलवर वाचले तरी ६२५/३० म्हणजे २०.८ पर्यंतच पोचता येते. ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते, कारण आयताकृती किंवा रूट-रेझ्ड-कोसाइन पल्स सममित असते आणि उलटवली काय, न उलटवली काय, सारखीच. कोणी पुढे चर्प किंवा कोड वापरायला घेतला की मग कोडे पडते.

पल्स कॉम्प्लेक्स असेल तर उलटवण्याबरोबर कॉन्जुगेटही घ्यावा लागतो. तो विसरला तर नुकसान किती? १, j, −१, −j ही पल्स घ्या. कॉन्जुगेट घेतला तर सॅम्पलिंगच्या क्षणी ४ मिळतात. न घेता वर्गांची बेरीज होते: १−१+१−१, म्हणजे शून्य. सिग्नल पूर्ण नाहीसा! नमपायमध्ये `np.correlate` दुसऱ्या क्रमाचा कॉन्जुगेट स्वतःच घेते, `np.convolve` घेत नाही. एकावरून दुसऱ्यावर जाताना कॉन्जुगेट एकदा राहून जातो किंवा दोनदा लागतो. मॅटलॅबमध्ये `'` कॉन्जुगेटसह ट्रान्सपोज करतो आणि `.'` नुसता ट्रान्सपोज.

दोन्ही चुका पकडायला एकच चाचणी पुरते. नॉइज बंद करा, फक्त पल्स सोडा आणि आउटपुट पाहा. शिखर बरोबर पल्सच्या ऊर्जेइतके, इथे ३०, आले पाहिजे. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असल्या पाहिजेत. कॉम्प्लेक्स पल्समध्ये हे प्रतिबिंब कॉन्जुगेट स्वरूपात दिसते. ही चाचणी पास झाल्याशिवाय नॉइज चालू करू नका.

क्षण चुकला

फिल्टर बिनचूक आहे, पण वाचले एक सॅम्पल पुढे. तिथे ३० नाही, २० आहेत. एसएनआर पुन्हा १३.३, पुन्हा साडेतीन डेसिबलचा फटका. आकडा टॅप न उलटवल्याच्या चुकीइतकाच आला, म्हणून नुसत्या एसएनआरवरून दोन्हींतला फरक कळत नाही. वरची चाचणी मात्र तो लगेच दाखवते.

पल्स n0 या सॅम्पलवर सुरू होत असेल आणि तिची लांबी L असेल, तर पूर्ण कन्व्होल्यूशनमध्ये शिखर n0+L−1 वर येते, n0+L वर नाही. `'same'` हा पर्याय वापरला की सुरुवातीचा काही भाग कापला जातो आणि शिखराचा क्रमांक सरकतो. आधी `'full'` ने काम करा, जागा नक्की झाली की मग कापा.

हार्डवेअरमध्ये सरक पूर्ण सॅम्पलची नसून त्याच्या अंशाची असते. आयताकृती पल्सचे आउटपुट त्रिकोणी असते, म्हणून पल्सच्या लांबीच्या १० टक्के चूक झाली तर सिग्नल ०.९ पट होतो, ०.९ डेसिबल जातात. चर्पमध्ये शिखराची रुंदी साधारण बँडविड्थच्या व्यस्तात असते, त्यामुळे तेवढीच चूक शिखरावरून पूर्ण खाली आणू शकते. शेजारी दुसरे सिम्बॉल असतील तर क्षण चुकल्यावर त्यांचाही अंश वाचनात मिसळतो. हे ओळखायची खूण अशी: ट्रान्समिटरची पॉवर वाढवल्यावर सिम्बॉल ओळखण्यातल्या चुका ठरावीक डेसिबलच्या अंतराने मागे राहत असतील तर नुकसान फक्त उंचीचे आहे, पॉवर वाढवूनही एका पातळीखाली जातच नसतील तर शेजारचे सिम्बॉल घुसत आहेत.

क्षण माहीत नाही म्हणून आउटपुटमधला कमाल आकडा उचलणे हा उपाय अनेकजण करतात. त्याची किंमत असते. सिग्नल मुळीच नसतानाही हजार स्वतंत्र नॉइज सॅम्पलमधला कमाल आकडा सरासरी सव्वातीन सिग्माच्या आसपास जातो. शोध घ्यायचाच असेल तर थ्रेशोल्ड त्या हिशेबाने वर न्या, आणि त्या कमाल आकड्यावरून काढलेल्या एसएनआरला मॅच्ड फिल्टरचा एसएनआर म्हणू नका.

मोजमापच चुकले

फिल्टर रेषीय आहे, म्हणून सिग्नल आणि नॉइज वेगवेगळे सोडून मोजता येतात. हा मार्ग सर्वात स्वच्छ:

```python
import numpy as np
s = np.array([4, 3, 2, 1.0])
h = np.conj(s[::-1])
y = np.convolve(s, h)
v = np.convolve(np.random.randn(100000), h, 'valid')
print(abs(y[len(s)-1])**2 / v.var())
```

उत्तर ३० च्या आसपास येईल. आउटपुटची सरासरी पॉवर घेऊन भागाकार केला तर शिखराबरोबर डोंगराचा पायथाही मोजला जातो आणि आकडा निरर्थक होतो.

आता उलट्या दिशेची चूक, जिथे एसएनआर अपेक्षेपेक्षा चांगला दिसतो. कुणीतरी ओव्हरसॅम्पलिंग आठपट केले, प्रत्येक सॅम्पल आठ वेळा लिहिला, पण नॉइज `randn` चाच ठेवला. Σs² झाले २४० आणि एसएनआर फुकटात ९ डेसिबल वाढला. प्रत्यक्षात सॅम्पलिंगचा दर आठपट झाला की आठपट रुंद बँडमधला नॉइज आत येतो. σ² = (N0/2)·fs, म्हणून व्हेरियन्सही ८ करायला हवा; मग उत्तर पुन्हा ३०. पुस्तकात कुठे 2E/N0 तर कुठे E/N0 दिसते, तेही याच हिशेबाशी जोडलेले आहे. रिअल सिग्नलमध्ये दोन्ही बाजूंच्या स्पेक्ट्रमची घनता N0/2 धरली की 2E/N0 येते. कॉम्प्लेक्स बेसबँडमध्ये आय आणि क्यू मिळून नॉइजची घनता N0 धरली तर E/N0. हिशेबात नेमका ३ डेसिबलचा फरक राहिला, तर आधी इथे पाहा.

नॉइज पांढरा नसला तर

वरची सगळी हमी पांढऱ्या नॉइजपुरती आहे. आधी एखादा अरुंद अॅनालॉग फिल्टर असेल तर शेजारच्या सॅम्पलांचा नॉइज एकमेकांशी बांधलेला येतो. समजा हा संबंध शेजाऱ्याशी ०.५, त्यापुढे ०.२५, मग ०.१२५ असा आहे. आपल्याच टॅपमधून सिग्नल ३० च येतो, पण नॉइजचा व्हेरियन्स ५६.५ होतो आणि एसएनआर १५.९ वर उतरतो. पावणेतीन डेसिबल कमी झाले म्हणून लगेच फिल्टरला दोष देऊ नका, कारण या नॉइजमध्ये कोणत्याही फिल्टरची कमाल मर्यादाच sᵀR⁻¹s, म्हणजे १७.७ आहे; इथे R म्हणजे नॉइजचे हे परस्परसंबंध मांडणारा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स. दुरुस्त करता येण्यासारखे नुकसान अर्ध्या डेसिबलहूनही कमी आहे.

ती मर्यादा गाठणारी वजने R⁻¹s मधून येतात, आणि इथे ती १०:३:२:० या प्रमाणात निघतात. शेवटच्या सॅम्पलला शून्य! तिसरा सॅम्पल २ आणि चौथा १. शेजारचा नॉइज निम्म्याने पुढे सरकतो आणि पल्सही तिथे नेमकी निम्मीच होते, त्यामुळे चौथ्या सॅम्पलमध्ये नवी माहिती काहीच उरत नाही. गुरुत्वीय लहरींच्या शोधात हेच वजन फ्रीक्वेन्सीनिहाय दिले जाते, कारण डिटेक्टरचा नॉइज मुळीच पांढरा नसतो. विलीन होणाऱ्या जोडताऱ्यांसाठी असे फिल्टर कसे निवडावेत यावर पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काम केले.

R मोजायचा तर सिग्नल नसलेल्या तुकड्यातूनच मोजा. सिग्नलसकट मोजला आणि तुकडा लहान असला, तर फिल्टर सिग्नललाच नॉइज समजून दाबतो. तुकडा टॅपच्या संख्येच्या कित्येक पट लांब नसेल तर R⁻¹ भरवशाचा राहत नाही, वजने भलतीच मोठी आणि आलटूनपालटून चिन्हांची येतात. अशा वेळी कर्णावर सरासरी व्हेरियन्सच्या एखाद्या टक्क्याइतकी भर घाला आणि वजने पुन्हा काढा. तरीही आकडे उड्या मारत असतील, तर अर्ध्या डेसिबलचा मोह सोडून साधाच फिल्टर ठेवलेला बरा.