दिवाळी अंकाचा फाँट पक्का करण्याआधी

फाँट उघडला की सगळ्यात आधी ‘दर्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द शेजारी शेजारी टाइप करा. पहिला समुद्र, त्यावर रफार. दुसरा डोंगरातल्या दऱ्यांचा, त्यात य ला चिकटलेला आडवा, वळणदार अर्धा र. दोन्ही शब्द सारखेच दिसले तर तो फाँट मराठीसाठी घेऊ नका. चौकोन दिसला असता तर मुद्रितशोधकाने लगेच पकडला असता. पण इथे उमटतो तो एक अचूक, वेगळ्याच अर्थाचा शब्द. एका स्मरणिकेच्या कच्च्या प्रतीत ‘आचार्‍यांना मानधन’चं ‘आचार्यांना मानधन’ झालं होतं. स्वयंपाक्यांचे पैसे गुरुजींच्या नावावर गेले, आणि चार जणांनी वाचूनही ते कुणाला खटकलं नाही.

हा र दोन प्रकारे टाइप होतो: र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (U+200D), किंवा नुक्त्याचा ऱ (U+0931) आणि हलन्त. लेखकांच्या फायलींत दोन्ही येतात, म्हणून दोन्ही प्रकारे लिहून पाहा. दिसायला फरक पडता कामा नये. य बरोबर ह सुद्धा तपासा: ‘कुर्‍हाड’, ‘तर्‍हा’.

मग ‘मूर्तींना’ लिहा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच कोपऱ्यात येतात. ठळक वळणात त्यांचा गोळा होतो का ते बघा. त्याच्या वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त’ आणि ‘विठ्ठलु’ ठेवा. खालची जोडाक्षरं नि उकार पुढच्या ओळीच्या रफाराला टेकले तर ओळींमधलं अंतर वाढवावं लागेल, म्हणजे पानंही वाढतील. हा हिशेब आत्ताच करा. ‘वाङ्मय’, ‘ब्रह्म’, ‘डोळ्यांत’ आणि ‘ॲप’ एकेकदा पाहिले की पुरे. वेलांटी भलत्या जागी आणि हलन्त सगळीकडे उघडे दिसले, तर फाँटला दोष देण्याआधी इनडिझाइनमध्ये Adobe World-Ready Paragraph Composer निवडलाय का ते बघा.

ल आणि श मराठी वळणाचे हवेत. काही फाँटमध्ये ते आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठेवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. वेबपानावर ती अशी सांगतात:

```
<html lang="mr">
```

अंकांसाठी जाहिरातींचं दरपत्रक घ्या. ₹ १,११,१११ च्या खाली ₹ ९,९९,९९९ लिहा. १ अरुंद असेल तर स्तंभ सरळ राहणार नाही, आणि बारीक टायपात १ व ९ यांची गल्लत होते. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये ते नसतं आणि दुसऱ्याच फाँटमधून उसनं येतं. त्याची जाडी अंकांशी जुळते का पाहा.

हे सगळं एका पानावर मांडून १० पॉइंटमध्ये, अंकासाठी घेणार त्याच कागदावर छापून घ्या. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं धरू नका.