दुकानाच्या जुन्या व्हिडिओत भाव बदलला की चित्र फुटतं: माझा अनुभव

साडीच्या दुकानाचा २० सेकंदांचा व्हिडिओ. ४९९ चा भाव ४४९ करायचा होता. भाव बदलला, पण पदरावरच्या जरीचे चौकोनी ठिपके झाले आणि अक्षरांच्या कडा पुसट. शार्पनेस वाढवला, ४के मध्ये एक्सपोर्ट केलं, ॲप बदललं. रात्रीचा दीड वाजला, फरक शून्य.

खरं कारण हातातल्या फाइलमध्ये होतं. एडिट करत होतो तो व्हॉट्सॲपवरून परत आलेला व्हिडिओ. पाठवताना व्हॉट्सॲपने तो एकदा दाबून लहान केला होता, त्यात पुन्हा एक्सपोर्ट. गेलेला बारकावा ४के ने परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

ओळखायचं कसं? गॅलरीत व्हिडिओच्या माहितीत आकार पाहा. कॅमेऱ्यातली १०८० ची क्लिप ४० एमबीच्या आसपास होती, हातातली जेमतेम ४.

मग असं केलं. आधी एडिटिंग ॲपमधला जुना प्रोजेक्ट उघडला. तो शाबूत असेल तर फक्त भावाचं अक्षर बदलायचं. प्रोजेक्ट गेला असेल तर कॅमेरा फोल्डरमधली मूळ क्लिप घ्या. ती दुसऱ्याच्या फोनमध्ये असेल तर गॅलरीतून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा; तशी ती दाबली जात नाही. त्यानंतर १०८०, ३० एफपीएसला एकदाच एक्सपोर्ट.

मूळ क्लिप कुठेच उरली नसेल, तर नव्यानं शूट करणं हाच मार्ग. आणि प्रोजेक्ट डिलीट करू नका, भाव पुन्हा बदलणारच.