दोन लिपींची पाटी: भाषांतर नेमकं कशाचं करायचं?

मराठी न येणारा सहकारी पाटीचा फोटो पाठवून "यात काय लिहिलंय?" असं विचारतो, तेव्हा सगळी पाटी भाषांतरित करत बसू नका. आधी मराठी आणि इंग्रजी ओळींच्या जोड्या लावा.

मुंबईतल्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत जे असतं, ते बहुधा नावच. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत, त्यामुळे तेच नाव दोन्ही लिप्यांत ठळक दिसतं. 'मेडिकल अँड जनरल स्टोअर्स' याचं काय भाषांतर करणार? सोडून द्या.

समजा, रस्त्याच्या कामाचा फलक आहे. वर 'काम चालू आहे', शेजारी तेच इंग्रजीत. खाली बारीक अक्षरांत फक्त मराठीत: 'रात्री ११ ते पहाटे ५ वाहतूक बंद, पर्यायी मार्ग डावीकडून'. दोन्ही लिप्यांतले आकडे आणि विशेषनामं आधी जुळवा. इंग्रजीत ११ आणि ५ कुठेच नाहीत, म्हणजे ती ओळ बिनजोडीची. भाषांतर तिचंच हवं. जोडी लागली तरी एकदा ताडून पाहा, कारण इंग्रजी मजकूर पुष्कळदा आखूड केलेला असतो आणि अट मराठीतच राहते.

ॲपने करायचं असेल तर तेवढीच ओळ क्रॉप करा आणि मूळ भाषा स्वतः 'मराठी' निवडा. लिपी एकच असल्याने ॲप आपोआप हिंदी धरू शकतं, विशेषतः ओळ दोन-तीन शब्दांचीच असेल तर.