मृत्यू दावा तपासात अडकला असेल, तर विमा कंपनीला पत्र लिहिताना या चुका टाळा

विमा कार्यालयातील दावे विभागात मी बावीस वर्षे काम केले. निवृत्तीनंतर परभणीत घरी राहत असताना महिन्यातून दोन-तीन कुटुंबे माझ्याकडे येतात. घरातील कर्ता माणूस गेलेला असतो, मुदत विम्याचा दावा ‘तपास चालू आहे’ या एका वाक्यावर कित्येक महिने थांबलेला असतो आणि कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत त्यांच्या हातात असते. ते पत्र वाचून मला दरवेळी वाईट वाटते, कारण त्यात दुःख पानभर असते आणि तारीख एकही नसते.

पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे पूर्ण होण्याआधी मृत्यू झाला, तर बहुतेक कंपन्या तपास लावतात आणि तसा अधिकार त्यांना आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. त्याआधी फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याचे कारण दाखवून दावा नाकारता येतो, मात्र ते कारण आणि त्याचा आधार कंपनीला लेखी कळवावा लागतो. त्यामुळे तपास का लावला असे पत्रात विचारण्यात अर्थ नसतो. तो मुदतीत का संपला नाही, हा खरा प्रश्न आहे. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तपास न लागणाऱ्या मृत्यू दाव्याचा निर्णय १५ दिवसांत आणि तपास लागणाऱ्या दाव्याचा ४५ दिवसांत झाला पाहिजे. हे दिवस दाव्याची सूचना कंपनीला मिळाल्यापासून मोजतात. म्हणूनच सूचनेची शिक्क्यासह पोहोच नसलेल्या कुटुंबाचे पत्र पहिल्याच ओळीत लंगडे पडते.

सेलू तालुक्यातील एका कुटुंबाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण सर्वांत महाग पडणारी चूक तिच्यात आहे. खत-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या एकेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी ५० लाखांचा मुदत विमा घेतला होता. पॉलिसी १२ जून २०२२ रोजी सुरू झाली आणि ३ नोव्हेंबर २०२४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. दाव्याचे कागद २५ नोव्हेंबरला दाखल झाले, तपासनीस गावात येऊन गेला आणि पुढे सगळे शांत झाले. फेब्रुवारीत मेहुण्यांनी तीन पानांचे पत्र लिहिले. त्यात एक वाक्य होते : “दाजींना बऱ्याच वर्षांपासून शुगरचा थोडा त्रास होता, पण ते एकदम ठणठणीत होते.”

कंपनीचे उत्तर आठ दिवसांत आले. मागील पाच वर्षांचे सर्व वैद्यकीय कागद सादर करा, असे त्यात म्हटले होते. प्रस्ताव अर्जात मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेले होते आणि आता खुद्द कुटुंबच ‘बऱ्याच वर्षांपासून’ म्हणत होते. त्यातच दवाखान्याच्या केस पेपरवर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद निघाली. भरतीच्या रात्री सोबत गेलेल्या चुलतभावाने घाईत सांगितलेली ती माहिती होती. दोन सैल वाक्ये एकमेकांना साक्ष देऊ लागली.

मी मेहुण्यांना विचारले, “शुगर पहिल्यांदा कळली केव्हा?” ते म्हणाले, “सर, खरं तेच लिहिलंय, शुगर होतीच की त्यांना.” तेवढ्यात आतून त्या गृहस्थांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा आवाज आला, “अहो, ती तर संक्रांतीनंतरच्या शिबिरात निघाली ना!” घरातली पिशवी उलटी केली, तेव्हा प्रयोगशाळेचा १८ जानेवारी २०२४ चा अहवाल आणि त्यानंतर दोन दिवसांनी लिहिलेली औषधाची पहिली चिठ्ठी मिळाली. म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर एकोणीस महिन्यांनी आजार कळला होता. पॉलिसी सुरू झाल्यानंतर कळलेला आजार प्रस्ताव अर्जात दडवला, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे ‘बऱ्याच वर्षांपासून’ हे शब्द दहा महिन्यांसाठीही सहज वापरले जातात. बोलताना ते चालते, पण दाव्याच्या पत्रात आजाराचा उल्लेख कागदावरच्या तारखेशिवाय करू नये. मी काही लपवायला सांगत नाही. आजार पॉलिसीच्या आधीचा असेल, तर तो कागदोपत्री सापडतोच आणि शब्द फिरवून हक्क उभा राहत नाही. माझी सवय अशी आहे की, पत्राचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी सगळे वैद्यकीय कागद तारखेप्रमाणे जमिनीवर मांडायचे आणि जे वाक्य त्यातल्या एखाद्या कागदावर बोट ठेवून दाखवता येत नाही, ते गाळायचे.

नवे पत्र आम्ही दीड पानात बसवले. शाखेऐवजी ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावे काढले आणि विषय असा लिहिला : “मुदत विमा पॉलिसीचा मृत्यू दावा, दाखल दिनांक २५ नोव्हेंबर २०२४, निर्णयाची ४५ दिवसांची मुदत ९ जानेवारी २०२५ रोजी संपल्याबाबत.” पुढच्या परिच्छेदात आधीच्या पत्रातील विधान चुकीचे असल्याचे स्पष्ट मान्य केले आणि अहवाल, चिठ्ठी व ज्यांनी आजाराचे पहिले निदान केले त्या डॉक्टरांचा दाखला जोडला. केस पेपरवरील नोंद कोणी सांगितली आणि ती व्यक्ती वेगळ्या घरात राहते, हेही लिहिले. शेवटी तीनच मागण्या ठेवल्या : एखादा कागद बाकी असल्यास सर्व कागदांची यादी एकदाच द्यावी, दावा नाकारायचा असल्यास कारण व आधार लेखी कळवावा, अन्यथा रक्कम विलंबाच्या व्याजासह अदा करावी. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त असते. एकूण दर साडेआठ टक्के धरला, तर ५० लाखांवर दिवसाला सुमारे १,१६४ रुपये होतात, आणि हा आकडा मी पत्रात लिहितोच. १७ मार्चला पत्र पोहोचले आणि २२ एप्रिलला वहिनींच्या खात्यात व्याजासह रक्कम जमा झाली.

दुसरी चूक आडमार्गाच्या सल्ल्याने होते. ‘तीन वर्षे होऊ द्या, मग दावा टाका,’ असे सांगणारे लोक मला तालुक्या-तालुक्यात भेटतात आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. दावा टाकलाच नाही, तर मुदतीचे दिवस सुरूच होत नाहीत, मधल्या काळात दवाखान्याचे कागद मिळेनासे होतात आणि उशिराचे कारण देता देता कुटुंबच संशयाच्या जागी येते. शिवाय हप्ता थकून पॉलिसी बंद पडली असेल आणि पुन्हा चालू केली असेल, तर तीन वर्षे त्या पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून मोजली जातात, याचा या सल्लागारांना पत्ताही नसतो.

एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर म्हणजे पत्र नव्हे. तपासनीसाने लिहून आणलेल्या जबाबावर वाचल्याशिवाय सही करू नये, आणि सही केल्यास मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. मूळ कागद मागितले, तर सही-शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय देऊ नयेत. उपोषणाची किंवा वर्तमानपत्राची धमकी पत्रात घालू नये, कारण पुढे तेच पत्र विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांसमोर वाचले जाते.

पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, अशा दोन्ही मार्गांनी पाठवावे. एक महिना उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. मराठवाड्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे, शुल्क लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. त्याहून मोठ्या रकमेच्या पॉलिसीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे विम्याची रक्कम न पाहता भरलेले हप्ते पाहिले जातात, त्यामुळे एक कोटीच्या मुदत विम्याची तक्रारही सहसा जिल्ह्यातच दाखल होते. दोन्हीकडे जाताना कंपनीला दिलेल्या पत्राची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती एकत्र टाचून ठेवावी.